यादी सरकवताना

महादेवप्पा वळसंगचे. सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचा माल अक्कलकोट आणि दुधनीच्या दुकानदारांना दाखवून ऑर्डर घेणं हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. पूर्वी ते नमुन्यांची पिशवी घेऊन फिरत. गेल्या दिवाळीनंतर शेठनी त्यांच्या हातात ॲप दिलं. ते ॲप समराने बनवलं होतं.

होटगी रोडवरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत समरा चार वर्षं काम करत होती. महादेवप्पांची तक्रार आली, की ॲप मधेच थिजतं, दुकानदारासमोर बोट फिरवत बसावं लागतं. तिने आपल्या फोनवर चाळीस डिझाइनची यादी उघडून पाहिली. सगळं सुरळीत होतं. "काका, तुमचा फोन जुना आहे," तिने सांगून टाकलं.

दुसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा तिने शेठना मेल पाठवला: ॲपमध्ये दोष आढळला नाही, वापरणाऱ्याला सराव नसावा.

आठवड्याभरात शेठनी महादेवप्पांना गोदामात गाठोडी बांधायला बसवलं आणि त्यांची लाईन, म्हणजे अक्कलकोट-दुधनीची दुकानं, आपल्या भाच्याला, शिवराजला, दिली. हे समराला कळलं तेही शिवराजकडूनच. तो नवा कोरा फोन घेऊन कंपनीत आला. "मॅडम, माझापण अडकतोय."

समराने फोन हातात घेतला. शोध चालत होता, ऑर्डर जात होती. यादी जोरात वर सरकवली आणि पडदा थिजला. दोन-तीन सेकंदांनी उडी मारून पुढे गेला. या फोनमध्ये डिझाइन होती चौदाशे.

तिने महादेवप्पांचा जुना व्हॉइस मेसेज शोधला. तेव्हा तो तिने अर्धाच ऐकला होता. "...बाकी सगळं चालतंय बगा. फकस्त यादी वर ढकलली की धरतंय. फोटू यायच्या टायमाला." त्यांनी कारण जवळजवळ सांगूनच ठेवलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या अजिंक्यने फोन संगणकाला जोडला आणि यादी सरकवत, कुठल्या कामाला किती वेळ जातो ते मोजणारा प्रोफायलर लावला. "हे बघ," तो म्हणाला. पडदा रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं ही कामं ॲपमध्ये एकाच धाग्यावर होतात, मुख्य थ्रेडवर. गुळगुळीत सरकायचं तर एका चित्राला त्याच्याकडे जेमतेम सोळा मिलिसेकंद असतात. नवी ओळ पडद्यावर आली, की समराचा कोड त्याच थ्रेडवर फोनमधला फोटो वाचून उलगडत होता. कारखान्याने कॅमेऱ्याचे मोठे फोटो जसेच्या तसे चढवले होते. एकेकाला दीडशे-दोनशे मिलिसेकंद. तोवर पडदा जागच्या जागी.

"ही ओळ कुणाची?" अजिंक्यने विचारलं.

"माझी. चाचणीला बारकेच फोटो होते. नंतर बदलू म्हटलं होतं."

तिने फोटो मागच्या थ्रेडवर वाचायला लावले, तेही चौकटीपुरते लहान करून. तोवर ओळीत राखाडी चौकोन दिसेल अशी सोय केली. पहिल्या प्रयत्नात नव्या ओळीत आधीच्या ओळीचा फोटो उमटला, कारण यादी पडद्याबाहेर गेलेली ओळच पुन्हा वापरते. वर गेलेल्या ओळीचं फोटो वाचण्याचं अर्धवट काम रद्द केल्यावर ते थांबलं. संध्याकाळी चौदाशेची यादी पाण्यासारखी सरकली. शिवराज खूश झाला.

दुसऱ्या दिवशी तिने शेठना लिहिलं, चूक माझ्या कोडची होती, महादेवप्पांची नव्हती. मग ती एमआयडीसीतल्या गोदामात गेली.

महादेवप्पा सुतळी ओढत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या फोनवर चौदाशेची यादी बराच वेळ वर-खाली केली.

"म्हंजी मी सांगत हुतो ते खरं हुतं म्हणा की."

"हो काका. मी पूर्ण ऐकलंच नाही."

"शेठला सांगितलं?"

"मेल केलाय."

"मेल कोण वाचतंय, ताई." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "हितं समद्यांना वाटतंय की म्हाताऱ्याला फोन चालवता येत न्हाय. दुधनीच्या दुकानात माज्यासमोर हसलेत लोक."

समरा गोदामातल्याच शेठच्या केबिनपर्यंत गेली, दारातच थांबली आणि त्यांना बाहेर बोलावलं. गाठोडी बांधणारी रंभाबाई आणि इतर चौघं वर बघत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "ॲप अडकत होतं ते माझ्या चुकीमुळे. काकांना ते नीट वापरता येत होतं. त्यांनी अचूक सांगितलं होतं, मीच त्यांच्यावर ढकललं."

शेठ थोडं अवघडले. अक्कलकोटची दुकानं सोमवारपासून महादेवप्पांकडे देतो म्हणाले. दुधनी शिवराजकडेच राहील, तिथे आता त्याची ओळख झालीय.

महादेवप्पांनी मान हलवली. समरा निघताना म्हणाली, "काका, माफ करा."

"व्हय," ते म्हणाले, आणि गाठ मारायला वळले. त्या एका शब्दात माफी होती की नाही, हे तिला रिक्षात बसल्यावरही ठरवता आलं नाही.