दामाजींची पसंती

चेअरमनच्या पत्रात कळव्याचा कारखाना बंद होणार, हे इंग्रजीत गोलगोल लिहिलेलं. वार्षिक अहवालासाठी मी सरळ मराठी केलं: ‘कळव्यातील उत्पादन थांबवण्यात येईल.’

कंपनी सेक्रेटरी कारखानीस भडकले. “बाई, भागधारक घाबरतील! सूर ठाम हवा, पण संयत.”

मग मी लिहिलं, ‘कळव्याच्या दीर्घ अनुभवाच्या बळावर नव्या कारखान्यात उत्पादनाचे एकत्रीकरण होईल.’

छापण्याआधी मराठी मजकूर एका कामगार भागधारकाला वाचून दाखवायचा, ही आमची पद्धत. कळव्याचे फिटर दामाजी हात बांधून ऐकत होते.

“झकास! म्हणजे कळव्याला भाव आला. आता तिथंच खोली बुक करतो.”

मी तोंड उघडलं.

कारखानीसांनी पेनाला टोपण लावलं. “समजलं त्यांना. छापायला द्या.”