चपटी बाजू

मले वेडंवाकडं सहन होत नाही. लग्नात पंगत तिरपी बसली तं मी लोकायले उठवून सरळ बसवतो. म्हणून घरचे मले आता लग्नाले नेतच नाहीत, जाऊ द्या.

यवतमाळात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षांपासून आहो. नाव भीमराज. पेशंटचा पू येते, त्यातला जंतू वाढवायचा, जेलीसारखं खाद्य भरलेल्या चपट्या प्लेटीवर तो सारवल्यासारखा पसरायचा, न वरून औषधाच्या टिकल्या ठेवायच्या. रातभर प्लेट उबेत राहाते. सकाळी ज्या टिकलीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं, ते औषध चालते. टिकलीले खेटून जंतू माजला, तं ते औषध कामातून गेलं. माह्या प्लेटीवरची वर्तुळं म्हणजे कंपास लावल्यासारखी असतात. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

त्या मंगळवारी बिजलीबाईची प्लेट वाचली. महागावकडच्या तांड्यावरची बाई, पायाले मोठं गळू. सर्जनसाहेबांनी ते कापून पू काढला होता. जंतू होता स्टॅफ, तोही नेहमीच्या औषधायले न जुमानणारा. एरिथ्रोमायसिन बाद, डॉक्सी चालते, आणि क्लिंडामायसिनचं वर्तुळ तं काय सांगू, पुनवेचा चांद! रिपोर्ट दिला. साहेबांनी क्लिंडामायसिनच्या गोळ्या लिहून बाईले सुट्टीही देऊन टाकली.

दुपारी दीपा मॅडम आल्या. आमच्या नव्या डॉक्टर, रुजू होऊन आठ दिवस झाले होते. त्याच्या आधी आठ महिने ती खुर्ची रिकामीच होती, लॅबचा राजा मीच. मॅडमनं प्लेट उजेडात धरली.

"भीमराजभाऊ, क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन इतके लांब काहून ठेवले? एक या टोकाला, एक त्या टोकाला?"

"जवळ ठेवले तं वर्तुळ बिघडते न मॅडम."

"बिघडते म्हणजे?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. कोणती टिकली कुठं ठेवायची ते दाखवणारा आमचा पुठ्ठ्याचा साचा आहे, त्यावर आधी या दोन टिकल्या शेजारीच होत्या. मागं एकदा एका प्लेटीत क्लिंडामायसिनचं वर्तुळ एरिथ्रोमायसिनकडच्या बाजूनं चपटं आलं. मले वाटलं, टिकल्यायची गर्दी झाली. दोघायले दूर केलं, पुन्हा लावलं, वर्तुळ एकदम गोल! मग मी नवा साचाच कापला, फुल्या मारून. तेव्हापासून एकही प्लेट वाकडी आली नव्हती.

मॅडम खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं.

"भाऊ, ते चपटंच तं पाहायचं असते. त्यालेच डी-टेस्ट म्हणतात. इंग्रजी डी अक्षरासारखं दिसते म्हणून. काही स्टॅफकडं क्लिंडामायसिन हाणून पाडायची युक्ती असते, पण ती झोपलेली असते. एकटं क्लिंडामायसिन तिले नीट जागं करत नाही. एरिथ्रोमायसिन करते. दोघं शेजारी असले की एरिथ्रोमायसिन पसरत पसरत त्या जंतूपर्यंत पोचते, युक्ती जागी होते, आणि त्या बाजूनं जंतू क्लिंडामायसिनलाही जुमानत नाही. वर्तुळ तिथंच चपटं होते. लांब ठेवलं तं एरिथ्रोमायसिन पोचतच नाही."

"म्हणजे माहं गोल वर्तुळ..."

"थापा मारून राह्यलं असंल. पेशंटच्या अंगात गोळ्या चालू असताना यातलेच काही जंतू कायमचे जागे होतात. मग औषध फेल, न पाय पुन्हा सुजते."

माह्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सत्तावीस वर्षांची अक्कल, न माह्या पोरीच्या वयाच्या बाईनं अशी धुतली! राग आला, खोटं कायले बोलू. पण राग करायलेही तोंड नव्हतं.

मॅडमनं स्केल मागितली. नव्या प्लेटीवर तोच जंतू पसरून त्या दोन टिकल्या ठेवल्या, काठापासून काठ वीस मिलिमीटर. "पंधरा ते सव्वीसच्या मधात पाहिजे," म्हणाल्या. "उद्या सकाळी कळंल. सर्जनसाहेबांशी मी फोनवर बोलते. बाई कुठं आहे?"

बाई वॉर्डात नव्हती. गेलती बस स्टँडवर.

ढेरी सांभाळत मी धावलो. महागावची बस फलाटाले लागली होती, न बिजलीबाई खिडकीत. पायाले पांढरं बॅन्डेज, मांडीवर गोळ्यायची पिशवी.

"मावशी, उतरा! आजची रात थांबा, तपासणी पुन्हा करायची आहे."

"काहून?"

"मशीन बिघडली होती."

बाईनं मले वरून खाली पाहिलं. "कोणती मशीन?"

आमच्याकडं या कामाले मशीनच नाही, एक स्केल आहे. कंडक्टर दार आपटून राह्यला होता. पूर्ण बस माह्याकडं पाहून राह्यली होती.

"मशीन नाही, मीच," म्हटलं. "टिकल्या मीच चुकीच्या जागी ठेवल्या. या गोळ्या तुम्हाले लागू होतील का नाही, मले आता माहीत नाही. उद्या सकाळी माहीत होईल."

"हां, आता माणसासारखा बोलला!" बाई म्हणाली, न माह्या खांद्यावर सगळा भार टाकून उतरली. रिक्षात बसेपर्यंत तिनं मले तिच्या बोलीत काय काय सुनावलं, त्यातलं अर्धं समजलं न अर्धं न समजलेलंच बरं.

सकाळी मॅडम येण्याच्या आधीच मी प्लेट काढली. क्लिंडामायसिनचं वर्तुळ तीन बाजूंनी गोल, न एरिथ्रोमायसिनकडून असं चपटं, जसं कोणी सुरीनं कापून नेलं. इतकी वाकडी प्लेट माह्या हातून कधी झाली नव्हती, न इतकी खरीही.

क्लिंडामायसिन बाद, असा रिपोर्ट मी लिहिला न मॅडमनं सही केली. साहेबांनी गोळ्या बदलून डॉक्सी दिली. बिजलीबाई दहाच्या बसनं गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मोज, मग लिही."

मॅडम खुश होत्या. "सुटलो भाऊ," म्हणाल्या. "वेळेवर सापडलं."

त्यायले वाटलं, विषय संपला. एकच प्लेट त्यायनं पाहिली होती. साचा किती दिवस चालला हे माहीत असणारा माणूस दवाखान्यात एकच होता. तो म्हणजे मी. चूप बसलो असतो तं कोणी इचारलं नसतं. दोन कप चहा पिलो, न उठलो.

कपाटातून रजिस्टर काढलं. साचा कापला तेव्हापासूनचे आठ महिने, पान न पान. स्टॅफ, एरिथ्रोमायसिन बाद, क्लिंडामायसिन चालते. असे चौदा निघाले. नवव्या नावावर माहं बोट थांबलं. हंसाबाई, राहणार नेर. माह्या बायकोची सख्खी मावशी. काखेतलं गळू क्लिंडामायसिन घेऊनही दोनदा उलटलं होतं. दोन्ही वेळा मीच भरल्या घरात बोललो होतो, 'गोळ्या बुडवल्या असतील बुढीनं, रिपोर्ट तं माह्या हातचा आहे.'

रजिस्टर मॅडमच्या टेबलावर ठेवलं. "चौदा आहेत," म्हटलं. "सगळे माह्या साच्याचे. सगळ्यायले बोलवावं लागंल." मॅडमनं फोन माह्यापुढं सरकवला.

पहिला फोन नेरला लावला.

"मावशी, भीमराज बोलतो. ते गळू... तुम्ही गोळ्या बुडवल्या नसतील. त्या लागूच झाल्या नसतील कदाचित. चूक माही होती. या, पुन्हा तपासू."



"एकही गोळी बुडवली नव्हती रे मी," हंसामावशी म्हणाली, न रडाले लागली. "एकही नाही. कोणी ऐकतच नव्हतं."