शालूवरचा डाग

सासूबाईंचा शालू आपल्या हातून खराब झाला, या विचाराने विभाला कालपासून चैन पडत नव्हतं. मिलिटरी स्टेशनमधल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि अनुसयाबाईंनी लग्नातला मोतिया रंगाचा शालू स्वतः काढून दिला होता. "जप गं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सुनेला दुसऱ्यांदा सांगण्याची त्यांची पद्धतच नव्हती, आणि विभाला नेमकी याचीच भीती वाटे.

घरी येऊन शालू सोडला, तर कमरेपाशी डाग. तिने घाईघाईने साबण चोळला. डाग जायचा राहिला बाजूला, आणखीच भडक झाला. तिने फोटो काढला आणि सुनेत्राला पाठवला. सुनेत्रा म्हणजे तिची मावसबहीण, साताऱ्यात तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. पण घाबरलेल्या माणसाचं बोट कुठे पडेल सांगता येत नाही. फोटो गेला घरच्या ग्रुपवर, जिथे सासूबाई रोज सकाळी सगळ्यांना सुविचार पाठवतात. विभाने तो सगळ्यांसाठी डिलीट केला, मग गॅलरीतून काढला, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढला. सकाळी सासूबाई देवळात गेल्यावर पंख्याखाली वाळवलेला शालू त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवला. शहाणपणाची अगदी कमाल केली बाईने.

आता दुपार होती. सासूबाई त्याच खोलीत पडल्या होत्या आणि उद्या शालू घेऊन साताऱ्याला निघणार होत्या. विभाने स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात फोन लावला.

"फोटो नाही? मग नीट सांग," सुनेत्रा म्हणाली. "कापड कुठलं?"

"रेशीम. मोतिया रंग, काठाला खरी जर."

"डागाचा रंग?"

"लाल. विटकरी म्हण. कुंकूच सांडलं असणार."

"असणार म्हणजे? तू पाहिलंस?"

मग विभाला आठवलं. "पहिल्यांदा पिवळा होता गं. साबण लावल्यावर लाल झाला."

"मग हळद आहे. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तसंच साबणाने झालंय. कुंकू समजून मी भलतंच सांगितलं असतं. किती जुना?"

"कालचाच."

"कडा ओलसर होत्या की सुक्या? उलट बाजूला उतरलाय?"

"सुक्या. उलट बाजूलाही होता. आणि घडीच्या पलीकडच्या थरावर तसाच एक, फिकट."

"विभा, घडीवर ठसा कालच्या डागाचा उमटत नाही. हा वर्षानुवर्षं घडीत दाबून राहिलेला डाग आहे. तू पाडलेलाच नाहीस."

विभाला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती आणखीच धास्तावली. वर्षानुवर्षं सासूबाईंनी ज्याला हात लावला नव्हता, त्याला तिने साबण लावला होता.

"कसा होता दिसायला?" सुनेत्राने विचारलं.

"चार लांबट पट्टे. शेजारी शेजारी." बोलता बोलताच विभाला कळलं की आपण बोटांचं वर्णन करतोय.

सुनेत्राने भराभर सांगितलं. आधी साध्या पाण्याने साबण काढ. मग कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, आतल्या कडेवर थोडं लावून बघ, कापसाने टिप, चोळू नकोस, जरीला लागू देऊ नकोस. लाली उतरेल, पिवळा परत येईल. इस्त्री मात्र फिरवू नकोस. "पिवळा काढायचा असेल तर पुढे बघू," ती म्हणाली.

विभा खोलीच्या दाराशी आली आणि जागीच थांबली. अनुसयाबाई उठून बसल्या होत्या. शालू मांडीवर उलगडलेला होता.

"आई, मी साबण लावला," विभा म्हणाली. "मला वाटलं, डाग माझ्याकडून पडला."

अनुसयाबाईंनी वर पाहिलं नाही. "लग्नानंतर जेजुरीला गेलो होतो," त्या म्हणाल्या. "पायऱ्या चढताना नवऱ्याने बायकोला उचलायचं असतं. ह्यांचे हात भंडाऱ्याने माखलेले. मी रागावले होते, नवा शालू खराब केला म्हणून."

विभाचे सासरे गजाननराव जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरात त्यांचं नाव निघालं की त्या उठून आत जात.

विभाने व्हिनेगरचं पाणी आणलं. वाटी सासूबाईंनीच धरली. तिने डाग साध्या पाण्याने धुतला, मग कापसाने टिपला. काहीच झालं नाही. पुन्हा टिपला. विटकरी रंग कडेने मागे सरला आणि खालून पिवळं दिसू लागलं. आधी एक बोट, मग दुसरं. फिकट, पण होती.

"बास," अनुसयाबाई म्हणाल्या आणि त्या पिवळ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवून बसून राहिल्या.

फोन वाजला. सुनेत्रा होती. "निघाला का गं डाग?"

"नाही," विभा म्हणाली, आणि तिला रडू आलं. "वाचला."