बिनतारखेच्या ओळी

होर्डिंगवरून पडून नवरा गेला, त्याला काही महिने झाले होते. तिला अजून भूक, झोप, राग यांतलं काहीच धड जाणवत नव्हतं. कंपनीने हात वर केले होते. वारा सुटलेला असताना तो आपल्याच मर्जीने चढला म्हणे! मुकादमाने फोनवर हुकूम सोडला होता हे दाखवता आलं, तरच कंपनीची जबाबदारी ठरणार होती. स्क्रीनचे फोटो चालणार नाहीत, सगळं चॅट तारीखवार, बोलणाऱ्यांच्या नावांसकट एका पीडीएफमध्ये आणा, असं वकीलबाईंनी बजावलं होतं.

टायपिंगच्या दुकानात सोबतीला दीर आला. तोही त्याच मुकादमाच्या टोळीत कामाला. नवऱ्याच्या फोनमधून त्याने चॅट न वाचताच एक्सपोर्ट केलं. तिच्यानेही ते कधी उघडवलं नव्हतं. दुकानदार भलताच बोलघेवडा. मजकुराच्या फाईलचा असा सुबक तक्ता करतो की बघत राहाल, म्हणाला. फोनमध्ये मुकादम नुसता 'साहेब' होता. तिथे त्याने पूर्ण नाव घातलं, पानांना आकडे दिले आणि प्रिंट काढून दिली.

तिने शेवटचं पान पाहिलं. मुकादमाच्या नावापुढे एवढंच होतं, 'वारा आहे, जपून.' वाचणाऱ्याला वाटावं, केवढी ही माया.

"याच्याखाली अजून होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी मला दाखवलेलं."

दुकानदाराने मूळ फाईल उघडली आणि जीभ चावली. एकाच मेसेजमध्ये दोन-तीन ओळी असल्या, की फाईलमध्ये तारीख आणि नाव फक्त पहिलीला लागतं. तारखेने सुरू न होणाऱ्या ओळी त्याच्या तक्त्याने सरसकट गाळल्या होत्या. त्या त्याने वरच्या मेसेजला जोडून घेतल्या. मुकादमाचं बोलणं पुरं झालं, 'तरी बोर्ड आजच उतरला पाहिजे. कुणीतरी चढा.' आणि खाली नवऱ्याचं नुसतं 'बरं' होतं, तेही पुरं झालं.

'धाकट्याला खालीच ठेवा. मी चढतो.'

दादा स्वतः का चढला, हे दीर इतके दिवस भेटेल त्याला विचारत होता. त्याने स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वहिनी, ही ओळ नको," तो म्हणाला. "'मी चढतो' लिहिलंय. कंपनी हेच धरून बसेल."

एक ओळ काढायला कितीसा वेळ, असं दुकानदारही पुटपुटला.

"राहू द्या," ती म्हणाली. "साहेबांच्या फोनमध्येही हेच चॅट आहे. आपल्याकडे एक ओळ कमी दिसली, की सगळंच खोटं ठरेल."

दीर तिथेच तोंड झाकून रडायला लागला. तुमच्यामुळे नाही झालं भाऊजी, एवढं तरी म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. नवी पानं प्रिंटरमधून बाहेर येत होती. ती त्यांचे आकडे जुळवत राहिली.