गाळणीतला चोथा

वजनकाट्यावर आकडा थांबला आणि आम्ही तिघींनी श्वास रोखला. सात किलो दोनशे. महिन्यापूर्वी ढब्बू सहा महिन्यांचा झाला तेव्हाही सात किलो दोनशेच होता.

"परत ठेवा ना," आई म्हणाली. "हलला असेल मेला."

सिस्टरनी त्याला उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. काट्याला आमची काही पडलेली नव्हती. सात दोनशे.

ढब्बू म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. जन्मला तेव्हा गालांत डोळे हरवले होते म्हणून हे नाव पडलं. आता ते नाव त्याला सैल व्हायला लागलं होतं.

सिस्टरनी कार्डावर टिंब काढलं. आधीची सगळी टिंबं जिना चढल्यासारखी वर गेलेली. हे नवीन टिंब शेजाऱ्याच्या पातळीत मुकाट बसलं.

"अंगावर पितो ना? मग प्रश्न वरच्या खाण्याचा. काय देता?"

"घरचं," आई ताठ मानेनं म्हणाली. "तांदूळ-डाळ मऊ शिजवून. आमच्याकडे खोक्यातलं काही चालत नाही."

वहिनी कार्डाकडे बघत राहिली. मी माझ्या चपलांकडे. कारण खोक्यातलं आमच्याकडे चालत होतं. वहिनीच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे.

"उद्या या, आणि त्याला जे जे देता ते सगळं घेऊन या. जसं देता तसंच," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा दिवसांत वजन हललं नाही तर डॉक्टर तपासण्या लिहून देतील."

घरी आल्यावर कुणी भांडलं नाही, हेच भयंकर होतं. आईनं कुकर आदळला. वहिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, तिची रजा पंधरा दिवसांनी संपणार होती. ढब्बूचे लंगोट घडी करता करता ती मला हळूच म्हणाली, "वजन नाही वाढलं तर मी कामावर जायची नाही. कळवून टाकेन."

"अगं पण तू तर…"

"वन्सं, तोंडाला कुलूप."

कुलूप गेले तीन आठवडे होतंच. दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की वहिनी बाळांच्या तयार खाण्याच्या पावडरीचं खोकं काढायची आणि मी जिन्यात पहारा द्यायची. आईची पावलं वाजली की सतराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा, असं ठरलेलं. आई कौतुकानं म्हणायची, "किती अभ्यास करते माझी पोर!" मला सतराचा पाढा आता झोपेतही येतो.

पण पहारा देताना मी दाराच्या फटीतून बघायचीही. खोक्यावर लिहिलं होतं, वाटीत कालवा, चमच्यानं भरवा. वाटी-चमचा धुताना आईला दिसला असता, म्हणून वहिनी बाटली घ्यायची. दाट झालं तर बाटलीतून उतरत नाही, म्हणून लहानसा चमचा पावडर आणि बाकी पाणीच पाणी. लांबून बघितलं तर दूध वाटावं असं. औषधाचा थेंब न् थेंब मोजणारी बाई, आणि इथे सासूच्या धाकानं मापच विसरली होती.

आणि आई? आई डाळ-तांदूळ शिजवायची, घोटायची आणि मग बारीक गाळणीतून दोनदा गाळायची. ढब्बूला खालचं पाणी. गाळणीत राहिलेला घट्ट चोथा मी मीठ-तेल घालून शाळेत जाण्याआधी चट्टामट्टा करायची. एक महिना. माझा युनिफॉर्म कमरेत घट्ट झाला होता. आरशासमोर हुक लावता लावता दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या डोक्यात असं काही चमकलं की मी अर्धी वेणी तशीच सोडली.

मी चोथा खाल्ला नाही. डब्यात भरला. मग वहिनी अंघोळीला गेल्यावर स्वेटरांमागचं खोकं आणि ती बाटली दप्तरात घातली. घाईत चेन दोनदा अडकली.

दवाखान्यात आईनं तिचा डबा उघडला. सिस्टरनी चमचा बुडवला आणि तिरका केला. चमचा क्षणात रिकामा.

"हे पाणी झालं, आजी. पोट भरतं, अंगी लागत नाही. वर भूक मरते, म्हणजे दूधही कमी पितो. आणखी काय देता?"

"आणखी काही नाही," आई म्हणाली.

मी वहिनीकडे बघितलं. तिनं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. माझे कान तापले. ढब्बू माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून चोखत होता, अगदी मन लावून, जणू त्यातून काही निघेल.

मी दप्तर उघडलं.

खोकं टेबलावर आलं, तसा आईचा चेहरा उतरला. "हे… आपल्या घरात?"

"माझी चूक," वहिनीचा आवाज फाटला. "मला वाटलं गाळलेलं त्याला पुरत नाही. यात लोह असतं. सांगायची हिंमत झाली नाही."

"एवढी राक्षसीण आहे का गं मी?"

सिस्टरनी वहिनीला बाटलीत नेहमीसारखं कालवायला लावलं आणि त्यातलं चमच्यात ओतलं. तेही क्षणात ओघळलं.

"दोघींचं सारखंच," त्या म्हणाल्या. "खोकं वाईट नाही, साखर न घातलेलं बघून घ्या. घरचंही वाईट नाही. पण चमचा तिरका केला तरी टिकायला हवं. आणि बाटली बंद. गाळून राहतं ते कुठे जातं?"

"माझ्या पोटात," मी म्हणाले आणि डबा पुढे केला. "आजचं सोडून."

सिस्टर हसल्या. वहिनीनं तो चोथा चमच्याच्या पाठीनं घोटला, सिस्टरनी दिलेलं थोडं तेल घातलं. आईनं ढब्बूला मांडीवर ताठ बसवून धरलं. पहिला चमचा तोंडात गेला. दुसरा गेला आणि ढब्बूनं डोळे वटारले, जीभ बाहेर काढली, लालबुंद होऊन ओकारी काढली.

"अडकलं!" आई किंचाळली, बोट त्याच्या तोंडात घालायला गेली. "असंच झालं होतं! याच्या बापाला, बटाट्याच्या तुकड्यानं! निळा पडला होता!"

म्हणून दोनदा गाळायचं. आजवर तिनं हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.

"बोट नको!" सिस्टरनी तिचा हात धरला. "ऐका. आवाज येतोय ना? खोकतोय ना? मग श्वास चालू आहे. तोच पुढे ढकलेल. आवाज बंद झाला, खोकता येईना, तर घाबरायचं, आणि तेव्हा मी आहेच. आत्ता नाही."

खॉक. खॉक. किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझ्या नखांचे ठसे तळहातावर उमटले होते. मग ढब्बूनं अर्धं थुंकलं, अर्धं गिळलं आणि चमच्याकडे हात केला.

आई रडायला लागली. वहिनीनं चमचा तिच्या हातात दिला. "तुम्हीच भरवा."

"माझे हात कापतायत. तू घाल, मी धरते."

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. खोकं आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी उघड्यावर बसतं. सकाळी आई घोटते, दुपारी तीच मापानं पावडर कालवते, तीही वाटीत. तरी काट्यावर ठेवताना तिघींचाही जीव टांगणीला लागला होता. आकडे पळाले, नाचले, थांबले.

सात किलो तीनशे नव्वद.

"परत ठेवा," आई म्हणाली. "हलला असेल."

सिस्टरनी परत ठेवलं. सात तीनशे नव्वद. वहिनीनं तिथूनच दुकानाला फोन लावला, सोमवारपासून येते म्हणून.

मला मात्र आता सकाळी उपाशीच शाळेत जावं लागतं. गाळणी खिळ्याला टांगून ठेवलीय, आणि चोथा काही उरत नाही.