अर्धं रिकामं बाकडं

भामा टीचरांनी पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पौलोस, शनिवारी पाचपर्यंत. दहा मिनिटांचं कर. आणि बघणारा मधून उठता कामा नये."

त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं. मी चोपन्न वर्षांचा आहे, त्या सदुसष्टच्या. तरी त्या दुकानात आल्या की मी अजून उभा राहतो.

केरळात, इरिंजालकुड्यात माझं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको रोसिली गेली. तेव्हापासून मी दुकान सकाळी लवकर उघडतो, कारण घरी बसवत नाही. टीचर निवृत्तीनंतर सैनबाला घेऊन फिरतात आणि फिरल्याचे व्हिडिओ चॅनलवर टाकतात. सैनबा त्यांच्याच शाळेत प्रयोगशाळेत कामाला होती. टीचर बोलतात, सैनबा फोन धरते.

या वेळी नुसतं चॅनलचं काम नव्हतं. कोचीची एक महिला प्रवासी मंडळी एकवीस दिवस मेघालय आणि आसामला चालली होती आणि एका चॅनलच्या दोघींना फुकट नेणार होती. त्यासाठी दहा मिनिटांचा नमुना पाठवायचा होता. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की आमच्या बायकांना तो दाखवू आणि कोण शेवटपर्यंत बसतं ते बघू.

"उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," टीचर म्हणाल्या. "मग मुलगा मस्कतला नेणार. एकदा तिथे गेले की मी नातवाची आया. म्हणजे जायचं तर आत्ताच."

"झालं म्हणून समजा," मी म्हणालो. तेव्हा मी आतलं काही पाहिलं नव्हतं.

आत दोनशे चौदा क्लिप होत्या. इरिंजालकुड्याहून मदुराई, तिथून रामेश्वरम आणि धनुष्कोडी. पहिली क्लिप चांगली होती, टीचर घराला कुलूप लावताना. पण संपताना चित्र एकदम उजवीकडे झटकलं गेलं आणि सगळं फरफटलं. दुसरी क्लिप तशीच. तिसरीही. मी पंचवीस क्लिप पाहिल्या आणि सैनबाला फोन केला. तिला मी इत्ता, म्हणजे ताई म्हणतो.

"इत्ता, प्रत्येक शॉटच्या शेवटी काय होतंय? कोणी हाताला धक्का देतंय का?"

"धक्का काय! ट्रान्झिशन आहे ते," सैनबा म्हणाली. "फोनवर एका मुलीनं शिकवलंय. शॉट संपताना झटकायचं. बघणाऱ्याला कळतच नाही जागा कधी बदलली."

"मग पुढचा शॉटही झटक्यानं सुरू व्हायला हवा ना? त्याच दिशेनं, तेवढ्याच वेगानं. दोन्हीकडे धूसर झालं की मी धूसरातच कापतो, म्हणून जोड दिसत नाही. तुमचा पुढचा शॉट तर गप्प उभा आहे. माणूस धावत येऊन भिंतीवर आपटावा तसं दिसतंय."

"सुरुवातीचं त्या मुलीनं सांगितलं असेल. मी व्हिडिओ अर्धाच पाहिला."

एकतीस क्लिपांच्या शेवटी तिनं भिंगावर तळहातही ठेवला होता. तो दुसऱ्या व्हिडिओतून शिकली होती. तोही अर्धाच पाहिला असणार.

दुसऱ्या दिवशी दोघी पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी घेऊन आल्या आणि माझ्या मागे खुर्च्या ओढून बसल्या. मी झटके कापून टाकले होते, त्यामुळे बरेच शॉट दीड-दोन सेकंदांचे उरले होते. टीचर निराश झाल्या.

"हे फार साधं वाटतंय. माझ्या भाच्याच्या व्हिडिओत मदुराई गोल फिरते आणि तिच्यातून समुद्र निघतो. सूंऽऽ असा आवाजही येतो."

"टीचर, वीस वर्षं मी नवरीला कमळातून बाहेर काढलं. बदामाच्या आकारात नवरदेव बसवला. लोक पहिल्यांदा वा म्हणतात, तिसऱ्यांदा जेवायला उठतात. कारण ते मदुराई बघत नाहीत, माझी कलाकारी बघतात."

रोसिली माझ्या मागे बसून लसूण सोलायची. तिची मान खाली असायची, मध्येमध्ये वर बघायची. नेमक्या एखाद्या जोडावर तिनं दचकून वर बघितलं की मी तो जोड बदलायचो. आता मागे या दोघी होत्या आणि त्या दचकत नव्हत्या, सूचना करत होत्या.

"मग करणार काय तू?" टीचरांनी विचारलं.

मी त्यांना दाखवलं. घराच्या उंबऱ्यावर टीचरांचं पाऊल उचललेलं आणि दुसऱ्या शॉटमध्ये धनुष्कोडीच्या वाळूत पाऊल टेकतंय. पाऊल हवेत असतानाच कापलं तर घरातलं पाऊल थेट वाळूत पडतं. हालचाल एकच राहते, डोळा तिच्या मागे जातो आणि मधले चारशेहून जास्त किलोमीटर कोणी मागत नाही.

अडचण एवढीच होती की घरी उजवं पाऊल होतं आणि वाळूत डावं. मी वाळूचा शॉट आरशासारखा उलटा केला. दोन्ही उजवी झाली. चेहरा दिसत नव्हता, पदर दिसत नव्हता, उलटी अक्षरं दिसतील अशी पाटी नव्हती. मला वाटलं, जमलं.

"पौलोस," टीचर म्हणाल्या, "माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. ती उजव्याला कशी गेली?"

"कोण बघतंय टीचर?"

"चौतीस वर्षांतले माझे विद्यार्थी बघतात. ही कॉपी आहे. काढ."

काढलं. गुरुवारची दुपार गेली.

तरी पहिली चार मिनिटं उभी राहिली. शेवटही ठीक होता. मध्ये मदुराईपासून समुद्रापर्यंत सगळं पडलेलं होतं. खिडकीतून दिसणारे ताड, टोलनाका, पुन्हा ताड. मी स्वतःच दोनदा मोबाइल उचलला. मग इतरांनी का बसावं?

शुक्रवारी सकाळी मी उरलेल्या क्लिप एकेक करून उघडल्या. एक क्लिप सोळा मिनिटांची निघाली. मदुराईच्या बसस्टँडवर सैनबानं फोन छोट्या ट्रायपॉडवर लावून समोरच्या पेटीवर ठेवला होता. बाकड्यावर दोघी बसलेल्या. पडद्यावर सैनबा डावीकडे, टीचर उजवीकडे, म्हणजे सैनबाच्या डाव्या कानाशी. सैनबाला उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून त्या नेहमी अशाच बसतात.

बस चुकली होती. सैनबा फोन झटकत स्टँडच्या पाटीचे शॉट घेत बसली होती आणि गाडी निघून गेली. टीचर तिला म्हणत होत्या, "शाळेत बाटल्या फोडायचीस, इथे गाड्या घालवतेस. फोन धरण्यापलीकडे तुला काही येत नाही आणि तोही धड धरत नाहीस."

"मग धरा तुम्हीच," सैनबा म्हणाली आणि उठून चित्राबाहेर गेली. फोन चालूच राहिला.

पुढची अकरा मिनिटं टीचर एकट्या होत्या. रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला होता. एक माणूस आला आणि बसू का असं खुणेनं विचारलं. टीचर मोडक्या तमिळमध्ये म्हणाल्या, "माणूस आहे." दुसरा आला. "माणूस आहे." मग एक बाई कडेवर मूल घेऊन आली. टीचर स्वतः उठायला लागल्या, पण ती जागा दिली नाही. "इथे माणूस आहे." बाई पुढे गेली. टीचरांनी मान वळवून सैनबा गेली त्या दिशेला पाहिलं.

दोनशे चौदा क्लिपांत शेवटी झटका नसलेली ही पहिलीच. झटकायला कोणी नव्हतंच.

धनुष्कोडीला त्याच ट्रायपॉडवर, तेवढ्याच अंतरावरून काढलेला दोघींचा शॉट माझ्याकडे होता. वाळूत बसलेल्या, त्याच बाजूंना. आणि तिथे टीचर सैनबाशी बोलायला मान वळवतात.

मी दुसरा शॉट अगदी किंचित मोठा केला, म्हणजे टीचरांचा खांदा दोन्हीकडे एकाच जागी येईल. बाकड्यावर मान अर्धी वळली की कापलं. उरलेली अर्धी वाळूत वळली. रिकाम्या जागेवर सैनबा आली. दोन फ्रेम मागे सरकवल्यावर बसलं. समुद्राचा आवाज चित्राच्या एक सेकंद आधी, बसस्टँडवरच सुरू केला. ताड आणि टोलनाका फेकून दिला.

संध्याकाळी दोघींना दाखवलं. टीचर उभ्या राहिल्या.

"हे कोणी काढलं? काढून टाक."

"टीचर, यात उडतं-फिरतं काही नाही. ती उठून गेली, आता परत येणार की नाही एवढ्यासाठी माणूस बसून राहतो. हा जोड त्याचं उत्तर देतो. नुसते दोन आकार जुळले असते तर मीच काढला असता."

"तुझं ठीक आहे. माझे विद्यार्थी बघतील मी हिला काय बोलले ते."

"मग ते वाक्य तरी—"

"वाक्य काढ. बाकीचं राहू दे."

सैनबा इतका वेळ पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "पौलोस, ती अकरा मिनिटं पुन्हा लाव. सगळी."

सगळी लावली. तिसऱ्या 'माणूस आहे'ला तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "टीचर, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? जागा धरली. सगळेच धरतात."

"मूल असलेल्या बाईला पण दिली नाहीत!"

"म्हणूनच म्हणते, काढ."

"वाक्य राहील," सैनबा म्हणाली. "ते काढलं तर मी उगाच उठून गेले असं दिसेल. मी काय वेडी आहे? आणि ते बोललात म्हणून तर जागा धरलीत."

टीचर खाली बसल्या. कालच्या पळमपोरीच्या कागदाची घडी करत राहिल्या. आठवीत एखाद्याचं गणित त्यांच्यापेक्षा वेगळ्या रीतीनं बरोबर आलं की त्या अशाच खडू बोटांत फिरवत राहायच्या.

"पाठव," शेवटी म्हणाल्या. "पण उलटं पाऊल कुठे राहिलं नाही ना?"

"नाही टीचर."

शनिवारी दुपारी पाठवलं. बुधवारी कोचीहून फोन आला, दोन्ही जागा मिळाल्या. दोघी लगेच दुकानात हजर. मी एका नवरीच्या हळदीत गुंतलो होतो आणि त्यांनी माझ्या कीबोर्डवर मेघालयचा नकाशा पसरला.

"कोचीच्या त्या बाई विचारत होत्या," सैनबा म्हणाली, "बाकडं आणि वाळू यांच्यामध्ये काय झालं म्हणून."

मलाही विचारायचंच होतं. "माफी कोणी मागितली?"

"कसली माफी?" टीचर म्हणाल्या. "ही आली आणि म्हणाली, तीन नंबरला गाडी लागलीय, उठा."

"आणि या उठल्या," सैनबा म्हणाली. "खिडकी मात्र मला दिली नाही."

"मेघालयातही देणार नाही."

"टीचर, नकाशा उचला," मी म्हणालो. "नवरी खोळंबली आहे."