अकरा कप्प्यांची फाइल

इंजिनिअरच्या आयुष्यात प्रमाणपत्राचं स्थान श्वासासारखं आहे. ते नसेल तर माणूस उभा असतो, पण असल्याचं सिद्ध होत नाही. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत हे मत दोनच माणसांचं होतं. एक मधुकर तावडे, ज्यांची मुलगी क्षिप्रा इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. दुसरे पंढरी सर, जे ही प्रमाणपत्रं मिळवून द्यायचा क्लास चालवायचे.

तावडे तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांनी क्षिप्रासाठी अकरा प्लास्टिक कप्प्यांची फाइल आणली होती, आणि रिकामा कप्पा त्यांना बघवत नसे. सत्त्याण्णवच्या ऑगस्टपर्यंत नऊ भरले होते. मार्कशीटा, जुनी हॉल तिकिटं, सी लँग्वेजचा तीन महिन्यांचा कोर्स, टायपिंग चाळीस, आणि दहावीतलं वक्तृत्व उत्तेजनार्थ. दहाव्यात नेटवर्किंगची आंतरराष्ट्रीय परीक्षा बसणार होती. अकराव्यात जपानी.

"कंपन्या कॅम्पसला यायच्या आधी ग्लोबल सर्टिफिकेट हवंच, तावडेसाहेब," असं पंढरी सर म्हणाले आणि त्यांनी गुरुवारी सकाळी अकराची वेळ अंधेरीच्या सेंटरवर घेऊन टाकली. फी डॉलरमध्ये होती. गैरहजर राहिलं तर बुडणार होती.

कॅम्पसला सोमवारी एक सॉफ्टवेअर कंपनी येणार होती. सगळ्या शाखांना बोलावणारी त्या वर्षीची ती एकच. बाकीच्यांना कॉम्प्युटरवाले हवे होते, इलेक्ट्रिकलच्या मुलींना तर कोणीच विचारत नव्हतं. ही हुकली की क्षिप्राला वर्षभर वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना अर्ज टाकत बसायचं होतं.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये तिला शादाब भेटला. उरणचा, मागच्या बॅचचा. त्याच कंपनीत लागून त्याला महिना झाला होता आणि पासिंग सर्टिफिकेट न्यायला आला होता. क्षिप्रानं त्याला बाबांची यादी दाखवली.

"सी येते ना तुला? खरंच येते?"

"येते."

"मग बस. ॲप्टिट्यूडनंतर तेच विचारतात. नेटवर्किंग राहू दे गं. लागलंच तर कंपनी स्वतःच्या पैशानं परीक्षेला बसवते. जपानीही नंतर. आमच्यात एकानं बायोडेटात जपानी लिहिलं. इंटरव्ह्यू घेणारा ओसाकाला राहून आलेला. साताच्या पुढे आकडे आले नाहीत बिचाऱ्याला."

क्षिप्रा हसली. शादाब हसला नाही.

"तुझा पाचव्या सेमिस्टरचा एक विषय राहिला होता ना? केटी?"

"कंट्रोल सिस्टिम्स. मेमध्ये सुटली. निकाल बोर्डावर बघितला मी."

"बोर्ड फॅक्स करणारेस काय कंपनीला? साठ टक्के आणि केटी नको, ही अट आहे. प्लेसमेंटच्या टीपीओ सरांच्या कागदावर तू अजून नापासच आहेस. सुटल्याची मार्कशीट घेतलीस?"

क्षिप्राचा चहा तसाच राहिला. प्लेसमेंट ऑफिसबाहेरच्या यादीत तिच्या नावापुढे पेन्सिलीनं 'केटी' लिहिलेलं होतं. खाली सूचना होती: ओरिजिनल दाखवून दुरुस्ती गुरुवारी एकपर्यंत, यादी दोन वाजता कंपनीला जाणार. मार्कशीटची खिडकी तोवर बंद झाली होती. तीही एकलाच बंद होत असे, आणि हॉल तिकीट दाखवल्याशिवाय काही देत नसे.

हॉल तिकीट फाइलमध्ये होतं. फाइल बाबांकडे होती.

रात्री तिनं दोनदा विषय काढला. "सर्टिफिकेट दाखवलं की केटी कोण बघतंय?" म्हणत तावडे झोपायला गेले. त्यांनी रजा टाकली होती.

गुरुवारी सकाळी बस वाशीच्या डेपोत शिरली तेव्हा फाइल तावड्यांच्या मांडीवर होती. क्षिप्रानं हात पुढे केला.

"बाबा, फाइल द्या."

"अंधेरीला देतो."

"मी अंधेरीला येत नाही. कॉलेजला चाललेय."

"डोकं फिरलंय काय? फी भरलीय!"

"ती परीक्षा पुढच्या महिन्यात देता येईल, पुढच्या वर्षी देता येईल. कंपनी सोमवारीच येणारेय. आणि माझं नाव आज दोन वाजता कापणारेत."

पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून बघितलं. "द्या हो पोरीला," त्या म्हणाल्या. तावड्यांनी फाइल दिली नाही. पण उतरून ते कॉलेजच्या बसकडे वळले, आणि नेरूळ येईपर्यंत घड्याळात बघत राहिले. अकरा वाजले तेव्हा ते रांगेत होते. अंधेरीत कोणीतरी क्षिप्राचं नाव पुकारलं असेल.

बारा दहाला त्यांचा नंबर लागला. खिडकीत मारोतीभाऊ होते, वीस वर्षं त्याच स्टुलावर. त्यांनी गठ्ठा चाळला.

"नाही आलं."

"बघा ना नीट, प्लीज. मेची परीक्षा. तावडे."

"सहावं सेम आलंय, ते तू नेलंस. पाचव्याची केटी आली नाही. युनिव्हर्सिटीकडनं येत नाही तर मी काय छापू? पुढच्या आठवड्यात ये. चला, पुढचा."

क्षिप्रा हलली नाही. मागून कोणीतरी "अरे आगे चलो ना" म्हणालं. तिनं बाबांकडे बघितलं. परीक्षा गेली, नाव जाणार, आणि दोन्ही तिच्या हट्टानं.

तावडे पुढे झाले. ते कुठल्याही ऑफिसात आवाज चढवत नसत. स्टोअरमध्ये त्याची गरज पडत नाही.

"भाऊसाहेब, आवक रजिस्टर दाखवता?"

"कशाला?"

"माल आला नाही म्हणताय. मग नोंद नसेल. बघून जातो."

मारोतीभाऊंना वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. विद्यार्थी रडत, भांडत, एकदा एकजण बेशुद्ध पडला होता. पण रजिस्टर कोणी मागितलं नव्हतं. त्यांनी ते आणलं. तावड्यांनी बोट ठेवून तारखा उतरत आणल्या आणि बारा ऑगस्टला थांबले.

"पाकिटं दोन. एक सहावं सेम. दुसरं, 'इतर'. सही तुमची. हे इतर कुठंय?"

बारा पस्तीसला 'इतर' कपाटावर सापडलं, सील न फोडलेलं. त्यात अकरा मार्कशीटा होत्या. चौथी क्षिप्राची.

पुढे झेरॉक्सचं दुकान, तिथे सहा जण. मग प्राचार्यांच्या शिपायाकडून अटेस्टेशनचा शिक्का. एकला चार मिनिटं असताना टीपीओ सरांनी ओरिजिनल उजेडात धरून बघितलं आणि खोडरबर शोधायला लागले. खोडरबर सापडेना. शेवटी त्यांनी 'केटी'वर पेनानं काट मारली आणि शेजारी सही केली. तावड्यांनी ती सही नीट वाचली.

सोमवारी ॲप्टिट्यूड टेस्टला दीडशे मुलं बसली, बावन्न उरली. क्षिप्रा उरली. इंटरव्ह्यूत एक गृहस्थ फाइल उलटत गेले. मार्कशीटांपाशी थांबले, केटी सुटल्याची शीट दोनदा बघितली. वक्तृत्व ओलांडलं. सीच्या कोर्सपाशी पुन्हा थांबले.

"हे खरंच केलंय? मग लायब्ररी फंक्शन न वापरता स्ट्रिंग उलटी करून दाखवा."

तिनं कागदावर लिहून दाखवलं. पॉइंटरची एक चूक होती, ती तिनंच शोधली. गृहस्थांनी मान हलवली. रिकाम्या दोन कप्प्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

संध्याकाळी लागलेल्या यादीत तिचं नाव होतं. पंढरी सर पेढे घ्यायला आले. ग्लोबल संधी थोडक्यात हुकल्याबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दुसरा पेढा घेतला.

पुढच्या जुलैत क्षिप्रा कामावर रुजू झाली. जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा वर्ष दोन हजारसाठी दुरुस्त करायचं काम जोरात होतं, त्यामुळे मेकॅनिकलवाले, सिव्हिलवाले, नेटवर्किंगची परीक्षा दिलेले आणि न दिलेले सगळे एकाच वर्गात बसवले होते. प्रशिक्षण सोळा आठवड्यांचं होतं. विषय होता कोबोल, त्या जुन्या प्रोग्रॅमांची भाषा, पहिल्या पानापासून, आणि त्याचं प्रमाणपत्र कोणाकडेच नव्हतं.